लांब राहून काय उजेड पाडलास?

आमच्या बंगळूरच्या ऑफिसात सप्टेंबरात दिवाळी येते. म्हणजे दिवाळीच्या बॅनरांचा मजकूर येतो. मी मजकुरातला माणूस नाही. मोबाइल ॲपमध्ये जी वाक्यं दिसतात ती कोडमधून वेगळी काढून प्रत्येक भाषेच्या फाइलीत ठेवायची, ती योग्य जागी दिसतात का ते बघायचं, एवढंच माझं काम. पण आमच्या मजल्यावर मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे एजन्सीकडून मराठी फाइल आली की कोणीतरी खुर्ची वळवून विचारतं, "हे बरोबर आहे ना?"

त्या वर्षीची इंग्रजी ओळ होती, "मेक लाइट ऑफ द डिस्टन्स". घरापासून लांब राहणाऱ्यांनी घरी फराळ, कंदील, भेटवस्तू पाठवाव्यात म्हणून केलेली जाहिरात. ओळ चांगली होती, हे कबूल करायला हवं. 'मेक लाइट' म्हणजे उजेड करा, आणि 'मेक लाइट ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट किरकोळ समजा, तिचा बाऊ करू नका. अंतराचा दिवा करा आणि अंतराला भीक घालू नका, हे दोन्ही पाच शब्दांत. वर एक मिश्कील खांदे उडवणं.

एजन्सीनं पाठवलेलं मराठी होतं, "या दिवाळी, अंतराला प्रकाश बनवा". 'या दिवाळी' हे 'इस दिवाली'चं मराठी कपडे घातलेलं भूत आहे. मराठीत माणसं दिवाळीला घरी येतात, दिवाळीत पाहुणे येतात, नाहीतर सरळ 'यंदा' म्हणतात. विभक्तीचा प्रत्यय गळाला की ओळ हिंदीतून आली आहे हे ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही. आणि प्रकाश 'बनवा'? प्रकाश काय शंकरपाळे आहेत?

मी हे सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, "मग तूच सुचव." इथून माझी दिवाळी सुरू झाली.

पहिल्या रात्री मी मराठी सोडून इंग्रजीच उकलत बसलो. आपल्याला वाटतं 'लाइट' हा एक शब्द आहे आणि त्याचे दोन अर्थ आहेत. तसं नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि अपघातानं सारखे दिसू लागले आहेत. उजेडाचा 'लाइट' ज्या इंडो-युरोपीय मुळापासून आला, त्याच मुळातून संस्कृतातला 'रुच्' म्हणजे चमकणे हा धातू आला, 'लोचन' आला आणि फारसीतला 'रोशन' आला. म्हणजे आपली 'रोषणाई' ही त्या 'लाइट'ची चुलत बहीण. वजनाचा 'लाइट' दुसऱ्याच मुळाचा. त्याचा संस्कृतातला भाऊ 'लघु'. प्राकृतात 'लघु'तल्या 'घ'चा 'ह' झाला, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि त्यातून आपले 'हळू' आणि 'हलका' निघाले. जर्मनमध्ये हे दोन शब्द आजही वेगळे उच्चारले जातात, उजेडाला 'लिख्त' आणि हलक्याला 'लाइख्त'. इंग्रजीत मात्र उच्चार झिजत झिजत दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबले. स्पेलिंगमधला तो मुका 'जीएच' म्हणजे दोघांच्याही घशातल्या जुन्या 'ख'सारख्या आवाजाची खूण.

म्हणजे कॉपीरायटरनं ज्या कोटीवर ओळ उभी केली, ती हजारभर वर्षांच्या झिजेची भेट होती. मराठीत त्याच दोन घराण्यांतले शब्द 'रोषणाई' आणि 'हलकं' असे इतके लांब राहतात की त्यांची ओळख कुणी करून दिल्याशिवाय ते नातेवाईक आहेत हे कळणारही नाही. ती कोटी मराठीत 'आणणं' शक्य नव्हतं. आणण्यासारखं तिथं काही नव्हतंच.

दुसरा भाग, 'मेक लाइट ऑफ' हा वाक्प्रचार, त्याचा इतिहास तर थेट सणसमारंभाशी जोडलेला निघाला. इंग्रजी बायबलमध्ये, सोळाव्या शतकात टिंडेलनं केलेल्या भाषांतरात आणि पुढे १६११ च्या अधिकृत आवृत्तीत, मत्तयाच्या शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. राजा मुलाच्या लग्नाची मेजवानी देतो, आमंत्रणं धाडतो, आणि आमंत्रित लोक ते आमंत्रण 'लाइट' घेतात. कुणी शेतावर जातो, कुणी धंद्यावर. मूळ ग्रीकमध्ये तिथं फक्त 'दुर्लक्ष केलं' अशा अर्थाचं क्रियापद आहे. वजनाची उपमा इंग्रजी भाषांतरकारांची. घरून बोलावणं आलं आणि लोक कामावर निघून गेले, ही गोष्ट वाचताना मला थोडं अस्वस्थ वाटलं. कारण त्या आठवड्यात ऑन-कॉलचं वेळापत्रक लागलं होतं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझं नाव होतं, आणि सांगलीला ते अजून कळवलेलं नव्हतं.

आपल्याकडे कोटीचं शास्त्र फार जुनं आहे. शाळेत आपण 'श्लेष' शिकलो तो मार्कांपुरता. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाश'मध्ये एक कसोटी दिली आहे, ती मला आमच्या धंद्यातली वाटली. एखादा अलंकार शब्दाचा आहे की अर्थाचा, हे कसं ठरवायचं? तो शब्द काढा आणि त्या जागी समानार्थी शब्द ठेवा. चमत्कृती मेली तर ती शब्दाची होती, जगली तर अर्थाची. असा बदल जो सहन करतो तो 'परिवृत्तिसह', जो करत नाही तो 'परिवृत्त्यसह'. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय मोडतं ते बघायचं. आम्ही बग असाच शोधतो.

अनुवादकाला या कसोटीचा उपयोग सरळ आहे. परभाषेत नेणं म्हणजे वाक्यातला प्रत्येक शब्द समानार्थी शब्दानं बदलणं. म्हणजे शब्दश्लेष भाषांतरात मरणारच, ते व्याख्येतच लिहिलं आहे. अर्थश्लेष मात्र पलीकडे जाऊ शकतो. 'लाइट'च्या जागी 'लॅम्प' ठेवून बघा. गेली ओळ. तेव्हा तीच कोटी वाचवायची धडपड सोडून, त्याच भावनेच्या जवळ मराठीची स्वतःची एखादी कोटी आहे का, हे बघावं लागतं. १९७२ साली कोलकात्याच्या पी. लाल यांनी 'ट्रान्सक्रिएशन' या नावाचं छोटं पुस्तक काढलं. संस्कृतातून इंग्रजीत येताना आपण जे करतो त्याला त्यांनी हा शब्द लावला होता. पुढे तो जाहिरातवाल्यांनी उचलला. मराठी रंगभूमीला त्यासाठी नव्या शब्दाची गरज पडली नव्हती. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला तो १८९० मध्ये. पु. लं.नी १९७५ मध्ये 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली तेव्हा शॉच्या लंडनी स्वरांची गंमत तशीच आणायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी मराठीतल्या शुद्ध-अशुद्धाच्या भांडणावर ते नाटक नेऊन बसवलं. रूपांतर म्हणायचे त्याला.

रूपांतर! आणि भाषांतर. मी वहीत हे दोन शब्द लिहिले आणि त्यांच्या शेपटीकडे बघत बसलो. मला हवा असलेला शब्द तिथंच होता.

'अंतर'चे किती अर्थ आहेत बघा. मुंबई-पुणे अंतर. 'अंतरी'चा ज्ञानदेव नव्हे, आपल्या छातीतला अंतर. भाषांतरातला अंतर म्हणजे दुसरा, वेगळा. 'अंतर पडणे' म्हणजे संबंध विरळ होणे. 'माहेर अंतरलं' म्हणजे हातून गेलं. आणि 'अंतर देणे' म्हणजे टाकून देणे, विसरणे. 'लाइट'सारखा हा अपघात नाही. मूळ 'अन्तर्' म्हणजे आत आणि मध्ये, लॅटिनमधला 'इंटर' त्याचाच भाऊ. जे आत आहे ते अंतर, आणि दोन गोष्टींच्या मध्ये जे आहे तेही अंतर. एकाच शब्दाच्या या फांद्या. इंग्रजीनं कोटी 'उजेडा'वर केली होती. मराठीत ती 'डिस्टन्स'वर करता येत होती.

पहिला प्रयत्न लगेच सुचला, "यंदा अंतर उजळू दे". दूरवरचा रस्ता उजळू दे, मन उजळू दे. मला तो तासभर फार आवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेच्या प्रार्थनेसारखा वाटला. त्यात खरी अडचण अशी की 'अंतर' म्हणजे मन, हे आज आपल्याला 'अंतरी', 'अंतरंग', 'अंतःकरण' असं काही जोडून आलं तरच ऐकू येतं. सुटा 'अंतर' दिसला की डोळ्यांपुढे किलोमीटरचा दगडच येतो. दुसरा अर्थ शब्दकोशात असून भागत नाही, वाचणाऱ्याच्या कानात तो त्याच क्षणी वाजला पाहिजे. माझ्या ओळीत तो वाजण्याऐवजी समजावून सांगावा लागत होता. (हिंदीवाल्या मित्राच्या ओळीवरून मी 'दुरावा उजळा' असंही करून पाहिलं होतं. मराठीत दुरावा म्हणजे बिनसणं. भावाभावांच्या भांडणावर फ्लडलाइट टाकल्यासारखं झालं.)

मग वाक्प्रचाराकडे वळलो, कारण वाक्प्रचारात दुसरा अर्थ आधीपासून भरलेला असतो. "लांब असलो तरी अंतर देणार नाही." ही ओळ लिहिली आणि मी स्वतःवर खूश झालो. 'लांब' शब्द किलोमीटरचा अर्थ जागा करतो, 'देणार नाही' दुसरा अर्थ जागा करतो, आणि दोन्ही एका शब्दात भेटतात. व्याकरणही सांभाळलं होतं. 'मी लांब असलो' म्हटलं तर ओळ फक्त पुरुषांची होते, बाई 'असले' म्हणेल. पण 'आम्ही असलो' दोघांनाही चालतं, आणि कर्ता गाळला की ती सगळ्यांची होते. मराठी क्रियापदाला लिंग असल्यामुळे जाहिरातीच्या ओळी अशा नकळत पुरुषी होतात.

फाइलीत टाकली तर बिल्ड लाल. बॅनरच्या ओळीला २८ अक्षरांची मर्यादा होती.

```
s = "लांब असलो तरी अंतर देणार नाही"
s.length                                         // 29
[...new Intl.Segmenter("mr").segment(s)].length  // 20
```

आमची तपासणी काना, वेलांटी, अनुस्वार यांना स्वतंत्र अक्षर धरून मोजत होती. डोळ्यांना वीसच अक्षरं दिसतात, इंग्रजी ओळीपेक्षा सहा कमी. म्हणजे मराठी ओळी कित्येक महिने विनाकारण छाटल्या जात होत्या, आणि एजन्सीचं मराठी तुटक का वाटतं याचं अर्धं उत्तर आमच्याच कोडमध्ये होतं. मी तपासणी बदलली. या सगळ्या प्रकरणातलं माझ्या पदवीला शोभणारं काम तेवढंच.

ओळ एका दिवसात पुढे जाणार होती. त्या रात्री आईला फोन केला. ऑन-कॉलचं सांगायचं होतं, पण तिथून सुरुवात करवेना, म्हणून ओळ वाचून दाखवली. मी अर्थ सांगितला नाही, फक्त विचारलं, "काय वाटतं ऐकून?" ओळ तपासायची हीच एक रीत मला भरवशाची वाटते. 'कळलं का' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चांगलं आहे. पण हे कोण कोणाला म्हणतंय? आम्हाला काय आश्रमात ठेवलंय?"

मला एकदम दिसलं. 'अंतर देऊ नका' हे आर्जव आहे. जुन्या पत्रांतलं, लेक सासरी जातानाचं, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं. 'देणार नाही' म्हणताच कुणीतरी दिलं असतं, देण्याचा विचार होता, असं ऐकू येतं. कोटी शाबूत होती, अर्थ शाबूत होता, आणि सूर बरोबर उलटा झाला होता. इंग्रजी ओळ अंतराला हसत होती. माझी ओळ त्याच्यापुढे हात जोडून उभी होती. शब्द जुळले, वाक्प्रचार जुळला, एवढ्यावर मी थांबलो होतो. कोण कुणाला कोणत्या आवाजात बोलतंय, हे तपासायचं राहून गेलं.

मग मी ऑन-कॉलचं सांगून टाकलं. लक्ष्मीपूजनाला येता येणार नाही. लॅपटॉपसमोर बसावं लागेल. सेल असतो, सर्व्हर पडू शकतात.

"बरं," आई म्हणाली. "गेल्या वर्षी पण तेच. तिकडे लांब राहून काय उजेड पाडतोस कुणास ठाऊक."

ती रागावली नव्हती, आणि अगदीच रागावली नव्हती असंही नाही. आमच्याकडे प्रेम याच आवाजात येतं. फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटांनी माझ्या डोक्यात घंटा वाजली. उजेड पाडणे. मराठीत उजेड करणं हीच थट्टा आहे! 'काय उजेड पाडलास', 'काय दिवे लावलेस', परीक्षेचा निकाल हातात घेऊन प्रत्येक बाप हेच विचारतो. इंग्रजीत 'लाइट'मधून अंतराची खिल्ली निघत होती. इथं 'उजेडा'तून लांब राहणाऱ्याची खिल्ली निघत होती. बाण उलटा फिरला होता, पण धनुष्य तेच होतं, शब्दशः उजेड आणि त्यामागचा खट्याळपणा. वर दिवाळीला उजेड खरोखरच पाडायचा असतो.

मम्मटाची कसोटी लावून पाहिली. 'उजेड पाडणे'च्या जागी 'दिवे लावणे' ठेवलं तरी कोटी जगते. म्हणजे ही उच्चाराच्या अपघातावर उभी नाही, 'पराक्रम म्हणजे उजेड' या कल्पनेवर आहे, आणि त्या कल्पनेचा उपहास भाषेनं आधीच करून ठेवला आहे. पण 'प्रकाश पाडणे' म्हटलं की मरते. 'प्रकाश टाकणे' हे व्याख्यानातलं काम, त्यात थट्टा नाही. म्हणजे अर्धी परिवृत्तिसह. मम्मटाला हे उदाहरण आवडलं असतं की नाही, माहीत नाही.

दिवे की उजेड, यावर मी बराच वेळ घालवला. 'दिवे लावा' दिवाळीला अधिक जवळचं. पण 'दिवे लावले'मध्ये नुसती थट्टा नाही, निकाल आहे. ज्यानं दिवे लावले त्यानं वाटच लावलेली असते. 'उजेड पाडणे' थोडं मऊ आहे, तिथं अजून सुधारायला जागा आहे. शिवाय कंदिलाचा उजेड पडतोच. उजेड घेतला.

आता आईचं वाक्य जसंच्या तसं लावता येणार नव्हतं. 'पाडतोस' पुन्हा पुरुषी, आणि गिऱ्हाइकाला 'तू' म्हणायची सोय नाही. "लांब राहून काय उजेड पाडताय?" ही मला सगळ्यांत जवळची वाटत होती. पण ती वाचून पैसे खर्च करण्याऐवजी माणूस रजेचा अर्ज करेल, असं मार्केटिंगमधली माझी मैत्रीण म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. "लांब राहून उजेड पाडा" म्हटलं तर उपरोध अर्धवट राहतो, लांबच राहा असा सल्ला दिल्यासारखं वाटतं. शेवटी एका अव्ययानं काम झालं:

"लांब राहूनही उजेड पाडा."

तो 'ही' मला फार महत्त्वाचा वाटतो. तो आला की वाक्य सरळ होतं: लांब असूनसुद्धा घरात उजेड पडू द्या. पण 'उजेड पाडा' ऐकताना प्रत्येकाला आपापल्या घरातला तो उपरोधिक आवाज आठवतोच. म्हणजे वरून शुभेच्छा, आतून टोमणा. लिंगाची भानगड नाही, 'तुम्ही' आपोआप आलं, आणि जुन्या, चुकीच्या तपासणीनंही मोजलं तरी अक्षरं बावीस.

काय गेलं तेही सांगायला हवं. इंग्रजी ओळ आई-वडील आणि मुलगा दोघांनाही म्हणता येते. ही फक्त लांब गेलेल्याला म्हणता येते. आणि ज्याच्या घरी हा वाक्प्रचार बोलला जात नाही, मराठी फक्त शाळेपुरती वाचली जाते, त्याला ती नुसती सरळ ओळ वाटेल. तिथं कोटी नाही, फक्त विनंती आहे. सरळ वाचली तरी ओळ उभी राहते, म्हणून मी हे मान्य केलं.

मंजुरीसाठी ओळीचं परत इंग्रजीत भाषांतर द्यावं लागतं. मी लिहिलं, 'दुरूनही उजेड करा'. मुंबईहून उत्तर आलं की ओळ जरा सपाट वाटते, कोटी दिसत नाही, एजन्सीचीच ठेवूया का? तेव्हा मी अर्ध्या पानाची टीप लिहिली. तीत आईचं वाक्य, निकालाच्या दिवशीचे बाप, सगळं घातलं. परतभाषांतरात उतरते ती फक्त ओळ, तिच्यामागचं घर उतरत नाही, हे समजावायला दुसरा मार्ग नव्हता. टीप कुणी पूर्ण वाचली असेल असं वाटत नाही. पण मुंबईत बसलेल्या एका मराठी सहकाऱ्यानं खाली एवढंच लिहिलं की माझी आत्या हेच म्हणते, आणि ओळ मंजूर झाली.

वसुबारसेला बॅनर लागला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी खोलीवर लॅपटॉपसमोर बसलो होतो. सर्व्हर पडले नाहीत, काहीच झालं नाही. साडेनऊला आईचा मेसेज आला. मावशीनं पाठवलेला त्याच बॅनरचा स्क्रीनशॉट होता आणि खाली लिहिलं होतं, "हे आमचंच वाक्य चोरलंस. भाऊबीजेला ये, ताई वाट बघते."

राणी चन्नम्मा बघितली. वेटिंग ४१ होतं. बसचं तिकीट काढलं.